दुसरी थप्पी

बाबा असताना दर शनिवारी पोत्यांच्या कुशी बदलल्या जात. सकाळी तेलाच्या घाण्याला सुट्टी आणि घरातली सगळी माणसं कोठारात. खालचं पोतं वर, वरचं खाली, भिंतीकडचं मध्ये. प्रत्येकाचं तोंड सोडायचं, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तिळांना विचारायचं, बरे आहात ना? बाबा खरंच असं विचारायचे, पाहुण्याची चौकशी करावी तसं. कोरडे तीळ हाताला गार लागतात आणि बोटांमधून पाण्यासारखे निसटतात. ओले तीळ हात धरून ठेवतात. "ज्यानं हात धरला त्याला उन्हात न्यायचं," एवढंच बाबांचं शास्त्र.

म्हणून त्यांना ओल्या मालाची भीती नव्हती. हंगामात काही लोक घाईनं झोडणी करतात, तो माल 'एक ऊन कमी' म्हणून स्वस्त मिळतो. बाकीचे व्यापारी नाक मुरडत, बाबा तोच निवडून घेत. अंगणात पसरायचा, ऊन द्यायचं, कोठारात रचायचा, आणि उरलीसुरली ओल शनिवारचे हात काढून टाकत. घाण्याचा नफा म्हणजे खरं तर तेवढा एका उन्हाचा फरक होता.

बाबा गेले आणि घाणा दोन मुलींच्या हाती आला. थोरलीला सगळं गाव ताई म्हणे. ती घाण्याच्या वरच्या खोलीत एकटी राहायची, खरेदी आणि यंत्र तिच्याकडे. धाकटीला चाळीस उलटले तरी सगळे छोटीच म्हणत. ती दोन गल्ल्या सोडून नवऱ्याच्या घरी राहायची, दुकानदार आणि हिशेब तिच्याकडे. छोटीचा नवरा शाळेत शिकवायचा आणि बायकोशी बोलतानाही हात वर करून परवानगी मागायचा, असं छोटी सांगायची.

दुखणं एकच होतं, आणि ते बाबांच्या काळापासूनचं. वर्षभर पुरतील एवढे तीळ हंगामातच घ्यावेत, कारण तेव्हा भाव पायाशी असतो. पण तेवढे घेतले की घरातला सगळा पैसा पोत्यांत जाऊन बसतो. मग डबे आणायला, मजुरी द्यायला, वीज भरायला काही उरत नाही. म्हणून बाबा आठ-नऊ महिन्यांपुरतेच तीळ घेत. शेवटी दीडपट भावानं विकत घ्यायचे, नाहीतर घाणा बंद ठेवायचा. गेल्या साली अडीच महिने बंद होता. तेवढ्यात दोन मोठ्या दुकानदारांनी दुसरीकडचं तेल ठेवायला सुरुवात केली. उरलेल्यांनी छोटीला तोंडावर सांगितलं, पुढच्या वर्षी खंड पडला तर आम्हाला विसरा.

"म्हणजे यंदा बारा महिने फिरला तरच घाणा," छोटी म्हणाली. "नाहीतर तू वर बसून जप कर, मी घरी शाळा भरवते."

बँकेचा रस्ता तिनंच शोधून आणला. माल विकत घ्यायचा तो थेट सरकारमान्य गोदामात ठेवायचा. गोदामवाले तपासून, वजन करून पावती देतात. ती पावती बँकेत तारण ठेवली की शंभराच्या मालावर बँक सत्तर देते. तीस आपले. तेल विकेल तसे पैसे भरत जायचे, भरले तेवढी पोती बँक चिठ्ठी देऊन सोडते. किल्ली गोदामाची, हुकूम बँकेचा.

"पैसा अडकत नाही ताई, माल अडकतो," छोटीनं समजावलं. "आणि माल काय, तो नुसता बसून तर राहणार."

ताईला पटलं. नुसता बसून राहणारा माल तिनं आयुष्यात कधी पाहिला नव्हता, हे मात्र तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

हंगाम उघडला. ताईनं चारशे पोती ठरवली, नेहमीच्या सवयीनं एक ऊन कमी असलेली. तीळवाल्यांना तिसरा हिस्सा हातावर आणि बाकीचा आठव्या दिवशी, असा शब्द दिला. बाकीचा म्हणजे बँकेचा, आणि बँकेचा म्हणजे पावती मिळाल्यावरचा. अंगणात एका वेळी पन्नास पोती पसरत. चार दिवस लख्ख ऊन पडलं, दोनशे पोती खडखडीत वाळली. पहिला ट्रक गोदामाला गेला.

गोदामात परखीवाले काका होते. परखी म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायची टोकदार लोखंडी नळी. ती काकांच्या खिशाला एवढी वर्षं टांगलेली होती की तिच्याशिवाय ते कपडे न घातल्यासारखे दिसायचे. तपासणी त्यांची, किल्ल्या त्यांच्याच कमरेला. त्यांचा उजवा गुडघा सुजलेला होता. तरी ते कण्हत ट्रकवर चढले, पुढून, मधून, वरून, तळातून नमुने काढले, ओल मोजायच्या यंत्रात घातले. तिळात शंभराला सहापेक्षा जास्त पाणी चालत नाही. यंत्रानं साडेपाच दाखवलं.

"तुमच्या बाबांचं तेल वीस वर्षं खाल्लंय मी," काका उतरताना म्हणाले. "हा गुडघा त्यानंच टिकवलाय. जेवढा टिकलाय तेवढा."

"मग तेल कमी पडलं म्हणायचं," ताई म्हणाली, आणि दोघं हसली.

त्यानंतर आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं राखाडी झाकण. तीन दिवस. सातव्या दिवशी दुपारी तासभर ऊन डोकावलं, त्यात ताईनं चाळीस पोती कशीबशी वाळवली. एकशे साठ उरली. ताईनं एकात हात घातला. तिळांनी हात धरला.

"उद्या आठवा दिवस," छोटी अंगणात उभी राहून म्हणाली. "लोक दारात येतील."

"चार दिवस मागू या का?"

"बाबांनी कधी मागितले होते?"

चार दिवस मागितले असते तर मिळाले असते. कुरकुर झाली असती, एखाद्यानं आवाज चढवला असता, पण मिळाले असते. हे ताईला तेव्हाही माहीत होतं. पण घाण्याचा शब्द कधी मागे गेला नव्हता, आणि तो पहिल्यांदा एका बाईच्या तोंडून मागे जावा हे तिला सोसेना.

"थोडीशी तर ओल आहे," छोटी हलक्या आवाजात म्हणाली. "दरवर्षी याहून ओला माल आपण कोठारात रचलाय. कधी वाया गेलंय एक पोतं?"

हेही खरं होतं. एकही पोतं कधी वाया गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रक भरताना ताई स्वतः हमालांजवळ उभी राहिली. ओली पोती आधी, आत. कोरडी चाळीस मागच्या फळीशी. हमालानं विचारलं, "ताई, निवडून का लावताय?" ती म्हणाली, "वजनाचं बघतेय." खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं किती सहज खपतं, याचं तिला वाईट वाटलं. मग ती आत गेली आणि घाण्याच्या यंत्रासमोरचा बुटका लाकडी स्टूल उचलून ट्रकच्या केबिनमध्ये ठेवला.

गोदामात ट्रकचं मागचं फळकूट पडलं तसा तिनं स्टूल त्याच्याशी नेऊन टेकवला. "काका, चढू नका. त्या दिवशी तुमच्याकडे बघवत नव्हतं. बसून काढा नमुने."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्यासाठी असा स्टूल कुणी कधी आणला नव्हता. ते बसले, पाय लांब केला, सुस्कारा सोडला, आणि हाताला आली ती पोती टोचली. यंत्रानं पाच पूर्णांक सात दाखवलं. काकांनी आकडा लिहिला, सही केली.

"ठेवा हा तुम्हालाच," ताई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत पावती झाली. तीळवाल्यांचे पैसे ठरल्या दिवशी चुकते झाले. शब्द राहिला.

गोदामात दोन थप्प्या उभ्या होत्या, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, वर जाड कापड. सगळं नियमाप्रमाणे. पहिल्या ट्रकची पहिली, दुसऱ्याची दुसरी. ताई पैसे भरून चिठ्ठी आणायची आणि महिन्याला तीसेक पोती उचलायची. पहिलं आलेलं पहिलं जाणार हा तिथला नियम. पहिली थप्पी हळूहळू बुटकी होत गेली, दुसरीला कुणी हात लावला नाही.

पहिल्या शनिवारी ताई सवयीनं पाच वाजता उठली, कोठारात गेली आणि रिकाम्या जमिनीकडे बघत उभी राहिली. बाबांचं शास्त्र उन्हात नव्हतं. ते हातांत होतं. ते सगळे हात कुलपाच्या बाहेर राहिले होते.

दीड महिन्यानं दुसऱ्या थप्पीजवळून जाताना वास आला. फार नाही. ओली चादर घडी घालून ठेवल्यासारखा. काकांना आला नव्हता, त्यांना बाराही महिने सर्दी. पुढच्या खेपेला ती मागे रेंगाळली आणि कापडाखाली हात सरकवला. पोतं कोमट होतं, आत्ताच कुणीतरी उठून गेलेल्या उशीसारखं.

"काका," ती म्हणाली, "या वेळी दुसऱ्या थप्पीतली दिली तर?"

"का हो? तीळ तर सारखेच."

"असंच. जरा फिरवाफिरव."

"नियम बाई, माझ्या हातात काय? अर्ज द्या, कारण लिहा, बँकेची मॅडम मंजूर करेल." मग तेच हसून म्हणाले, "काय कारण लिहाल? फिरवाफिरव?"

"मग नुसती कूस बदलू द्या. आमच्याकडे दर शनिवारी बदलायचो."

"तारणाच्या मालाला मालकाचा हात लावता येत नाही, ताई. माझी नोकरी जाईल." ते स्टुलावर बसून होते. आता कायमचेच त्यावर बसत.

कारण एका ओळीचं होतं. ती ओळ लिहिली असती तर त्या दिवशी निम्मा माल तरी वाचला असता. ताई घरी आली, कागद घेतला, पेन उघडलं. छोटी समोर बसली होती.

"लिहिलंस तर नमुना कुठून काढला ते विचारतील," छोटी म्हणाली. "बँक दोन्ही थप्प्या धरेल, पहिलीतली चांगलीसुद्धा. घाणा उद्याच बंद. अजून काही झालेलं नाही ना? कोमटच आहे ना?"

"कोमट आहे."

"मग भराभर उचलू. तेल जास्त काढू, पैसे भरू, पहिली संपवू, दुसरी हातात येईल."

तसं दोघी राबल्या. ताईनं यंत्र दोन पाळ्या चालवलं, छोटी उन्हातान्हात नवी दुकानं धुंडाळत फिरली. तिचा नवरा डब्यांना झाकणं लावायला येऊन बसायचा आणि खडूनं भरलेल्या बोटांचे ठसे प्रत्येक डब्यावर उमटवायचा. पण तेल पिणारी माणसं तेवढीच असतात. महिन्याला तीसची पस्तीस पोती झाली, चाळीसही होईनात. रोज सकाळी ताई देवापुढे डोळे मिटायची, तर मिटल्या डोळ्यांसमोर फळकुटाशी टेकलेला स्टूल यायचा. मागणं काय मागावं हेच तिला कळेना. जे उघडं करायची आपली छाती नाही ते तू झाकून ठेव, असं कुणाला सांगायचं?

चौथ्या महिन्यात ती पोती आणायला गेली तर दुसऱ्या थप्पीवरच्या कापडाला आतून थेंब धरले होते.

ती सरळ काकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, दुसरी थप्पी उघडा. ट्रकमध्ये आत ओला माल होता. कोरडा मी मागे लावला होता."

काकांना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी टेबलावरची वही उघडली, ते पान काढलं, स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट उचललं नाही. मग फोन उचलून बँकेला कळवलं.

बँकेतल्या मॅडम दुपारी आल्या. हमालांनी कापड ओढलं तशी कोंडलेली वाफ तोंडावर आली. वरची पोती उतरवली, मधली हाताला चटका देत होती. एक फाडलं. तीळ सांडले नाहीत. पोत्याच्या आकाराचं ढेकूळ तसंच उभं राहिलं, वरून पांढरी बुरशी, आतून काळपट. हमालानं त्याला लाथ मारली तेव्हा ते दुभंगलं आणि खवट वासानं सगळे दोन पावलं मागे सरले. तळाशी कोरडी चाळीस होती. वरची ओल झिरपून तीही तशीच झाली होती.

ताईनं त्या ढेकळात हात घातला. सवय होती. बरे आहात ना, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले.

मॅडमनी आवाज चढवला नाही. पावतीवर लिहिलेला माल आता नाही, तेव्हा त्यावर दिलेली रक्कम पंधरा दिवसांत भरावी, तोवर पहिल्या थप्पीतलं एकही पोतं हलणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पहिल्या महिन्यात सांगितलं असतंत तर उघडून वाळवायला परवानगी दिली असती हो. असे अर्ज येतात आमच्याकडे."

असे अर्ज येतात. ताईला हे वाक्य घरापर्यंत पुरलं.

साबणाच्या कारखान्याचा माणूस सडका माल उचलायला तयार झाला, मातीच्या भावात. त्या दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात छोटी म्हणाली, "सगळा त्याला नको देऊ. कडेची पोती तेवढी वाईट नाहीत. एकाला घरातली चार चांगली मिसळली तर वास मरतो. निदान एवढे पंधरा दिवस निभतील. कुणाला कळणार आहे?"

"काकांनाही कळलं नव्हतं," ताई म्हणाली.

छोटी पायरीवर बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली, लहानपणी पोत्यावरून पडल्यावर रडायची तशी, आवाज न करता. ताई तिच्याशेजारी बसली.

यंत्र विकायचं ठरलं. यंत्र, डबे, वजनकाटा आणि वरच्या खोलीसकट ती जागा. छोटीनं एका खोलीत जागा करून ठेवली. नवरा म्हणाला, ताईंनी वर्गाच्या पहिल्या बाकावर बसावं. यावर कुणी हसलं नाही, त्याचा तोच हसला.

सामान बांधायच्या दिवशी काका आले. पायीच आले होते, हातात स्टूल घेऊन, चार पावलांवर थांबत. खिशाला परखी नव्हती. सही त्यांची होती, तेव्हा त्यांना कामावरून काढलं होतं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

ताई उठून उभी राहिली.

"तक्रार करायला आलो नाही," काका म्हणाले. "मीच चढायला हवं होतं. चढलो असतो तर मधल्या पोत्यातच कळलं असतं. चूक माझी आहे, ते मी लिहूनही दिलं." त्यांनी स्टूल अंगणात ठेवला, पण त्यावर बसले नाहीत. "एकच विचारायचंय. रोज विचार करतो, उत्तर येत नाही. हा स्टूल तुम्ही मुद्दाम आणला होता, की माझा गुडघा बघून?"

ताईनं तोंड उघडलं. दोन्ही, असं तिला म्हणायचं होतं. त्या दिवशी त्यांना चढताना पाहून तिच्या जिवाला लागलं होतं, ते खरं होतं. पण ते लागल्यावर तिनं काय केलं, तेही खरं होतं. आणि दोन्ही म्हणणं म्हणजे पुन्हा एकदा कोरडी पोती मागच्या फळीशी लावणं.

"मुद्दाम," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंत. घरी मी बायकोला सांगितलं होतं, बावीस वर्षांत एकीनं तरी..." पुढचं त्यांनी गिळलं. "येतो," म्हणाले, आणि वळले. फाटकापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. ताई बघत राहिली. हाक मारावी असं काही तिच्याजवळ उरलं नव्हतं.

दुपारी यंत्र घेणारे आले. त्यांचा माणूस कागद घेऊन अंगणभर फिरला. यंत्र, मोटर, काटा, डबे, रिकामं बारदान दोनशे. फिरत फिरत स्टुलापाशी आला आणि पायानं तो जरा हलवून पाहिला.

"हा यादीत धरायचा का, ताई?"

"नाही."

"मग तुम्ही नेणार?"

ताई काका गेले त्या फाटकाकडे बघत होती. तो खांदे उडवून पुढच्या वस्तूकडे गेला.